रात्रीचं पाणी

सुदर्शन शाळेतून आला तेव्हा शेळी उपाशी ओरडत होती आणि चुलीत सकाळचीच राख होती. आजी घरात असताना असं कधी होत नसे. कोमल दप्तर मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती.

"आजी उठंना," ती म्हणाली. "लई थंडी वाजायली तिला."

आत दोन वाकळा, वर बाबांचं जुनं ब्लँकेट, आणि त्याखाली आजी हुडहुडत होती. दातावर दात आपटत होते. सुदर्शननं हाताची पालथी बाजू तिच्या कपाळाला लावली. चटका बसावा इतकं ते तापलं होतं.

"कधीपासनं, आजी?"

"काई न्हाई रं. शेरडामागं गेल्ते, वारं लागलं असंल. तू भाकरी खा."

भाकरी केलेलीच नव्हती, हेही तिच्या ध्यानात नव्हतं.

जानेवारीचा महिना होता. पाटोदा तालुक्यातल्या या वाडीवर दसरा झाला की निम्म्या दारांना कुलपं लागतात. ट्रक येतात, त्यात भांडीकुंडी, पीठ, कोंबड्या आणि तान्ही लेकरं चढतात, आणि मागं उरतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. सुदर्शनचे आई-बाबा वाळवा तालुक्यात ऊसतोडीला होते, तीनशे किलोमीटरवर. मुकादमाची उचल घेतलेली. जोडीतलं एक जरी गावाकडं आलं तरी खाडा पडतो, आणि तो पैसा उचलीत चढतो. सुदर्शन दहावीला होता. सोमवारपासून त्याची सराव परीक्षा होती.

त्यानं आधी चूल पेटवली. तांदळाच्या कण्यांची पातळ पेज केली, मीठ घातलं, आणि आजीला भिंतीला टेकवून बसवून चमच्यानं भरवली. चार चमच्यांनंतर तिनं तोंड फिरवलं. फळीवरच्या डब्यात तापाच्या गोळ्या होत्या, पाचशेच्या. आशाताईनं मागं शाळेत सांगितलेलं त्याला आठवत होतं: काहीतरी खाल्ल्यावर द्यायची, आणि दुसरी सहा तासांच्या आत नाही. त्यानं गोळी दिली आणि विज्ञानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, 'गोळी ७.१०'.

थोड्या वेळानं थंडी थांबली आणि अंग आणखीच तापलं. त्यानं एकेक पांघरूण काढलं. शेजारचे तुकाबाबा काठी टेकत बघायला आले होते, ते दारातूनच म्हणाले, "काढू नगंस पोरा, घाम येऊ दे."

"थंडी होती तवर पांघरलं बाबा. आता अंग पेटलंय, आता मोकळंच पाहिजे." कोमट पाण्यात फडकं बुडवून तो तिचे तळहात, मान, पोटऱ्या पुसत राहिला. तुकाबाबा काही बोलले नाहीत. जाताना मात्र शेळीला पाला टाकून गेले.

पाणी दिलं की आजी तांब्या बाजूला सारायची.

"नगं."

"दोन घोट घे."

"नगं म्हणते ना. तहानच न्हाई."

ओठ तर पांढरे पडले होते, जीभ कोरडी होती. आणि दर थोड्या वेळानं ती उठत होती. भिंतीला धरून मागच्या दारी मोरीकडं जायची. तो हात धरायला गेला की झटकायची. "तू कशाला येतूस? जा तिकडं." मोरीला पोत्याचा आडोसा होता. त्यामागून तिचा दाबलेला कण्ह ऐकू यायचा. परत येताना तिचा एक हात पाठीवर, कमरेच्या जरा वर, उजव्या बाजूला दाबलेला असे. अंथरुणात पडते न पडते तोच पुन्हा उठायची.

त्याला कळायला लागलं होतं. ज्या माणसाला तहान नाही, ते एवढ्यांदा मोरीत कशाला जातं? ती पाणी नको म्हणत होती, ते उठावं लागू नये म्हणून. पण हे विचारायचं कसं? पंधरा वर्षांच्या पोरानं आजीला असलं काही विचारायची या घरात रीत नव्हती. आणि त्यानं विचारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं.

साडेआठला आईचा फोन आला. मागं ट्रॅक्टरची घरघर चालू होती. "जेवलात का रं?"

आजीनं अंथरुणातूनच हात हलवला. सांगू नकोस. सुदर्शननं तो हात पाहिला आणि तरीही सगळं सांगितलं. ताप, हुडहुडी, गोळी, पेज. आई क्षणभर थांबली.

"पाणी पिती का?"

"नगं म्हणती."

"अन् सारखी उठती?"

"हां."

"फोन तिच्या कानाला दे. अन् कोमलला घेऊन तू भाईर जा."

बाहेर गारठा होता. त्यानं कोमलला आपल्या स्वेटरात ओढलं. आतून आजीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. या दोघी पिठाच्या डब्यावरून भांडायच्या, शेळीच्या दुधावरून भांडायच्या. आईशी इतक्या हळू आवाजात बोलताना आजीला त्यानं कधी ऐकलं नव्हतं. बराच वेळ ते चाललं. मग आजीनं हाक मारली आणि त्याच्याकडं न बघता फोन पुढं केला.

"नीट ऐक," आई म्हणाली. "लघवीला आग होती तिला. चार दिस झाले, बोलली न्हाई. आता पाठीत दुखतंय अन् हुडहुडी भरती, म्हंजी ते वर चढलंय. गोळीवर राहणारं न्हाई हे."

"तुला कसं कळलं?"

"फडात आम्हा बायांना हेच होतंय. आडोसा नसतोय, मग पाणीच प्यायचं न्हाई. तुझ्या आजीनं वीस वर्षं कोयता चालवलाय, तिला काय ठावं न्हाई? मागल्या साली मला झालंच की."

मागल्या साली आई फोनवर म्हणाली होती, कणकण आहे जरा. तो तेव्हा क्रिकेट खेळायला निघाला होता, त्यानं बरं म्हणून फोन ठेवला होता.

"तू सांगितलं न्हाईस."

"ते आता ऱ्हाऊ दे. पाणी पाज. रागावली तरी पाज, थोडं थोडं. सकाळी आशाताईला घेऊन दवाखाना. अन् रात्री बडबडायला लागली, न्हाईतर हलवून उठंना, तर सकाळची वाट बघू नगंस, १०८ लाव. तुझे बाबा निघतो म्हणतेत."

"खाडा पडंल."

"त्याचं आम्ही बघू. तू तिच्याकडं बघ."

मग रात्र सुरू झाली. दर अर्ध्या तासाला तो वाटीभर पाणी घेऊन बसायचा. आजी आता नको म्हणत नव्हती, डोळे मिटून प्यायची. बारा वाजले. एक वाजला. दहा मिनिटांनी सहा तास भरले, तेव्हा चार चमचे पेज आणि दुसरी गोळी. वहीत वेळ लिहिली. मध्येच तिचं नाव विचारायचा, कोमलचं नाव विचारायचा. बरोबर उत्तर आलं की तेही लिहायचा, 'शुद्धीत आहे'.

दोनच्या सुमाराला ती मोरीपर्यंत पोचली नाही.

लुगडं भिजलं होतं, खालची जमीन ओली झाली होती. आजी तिथंच भिंतीला धरून उभी राहिली आणि रडायला लागली. तापानं कण्हली होती, पण रडली नव्हती. "तू जा रं. तू बापय माणूस. जा."

सुदर्शननं ट्रंकेतलं कोरडं लुगडं काढलं. कोमलला उठवलं. मग वाकळेची दोन टोकं दोन्ही हातांत धरून ती पडद्यासारखी उंच केली आणि स्वतः पाठ फिरवून दाराकडं तोंड करून उभा राहिला. वाकळ जड होती, हात भरून आले. पाठीमागं कोमल झोपाळू आवाजात विचारत होती, "आता ह्यो पदर कुठं खवसू?" आणि आजी रडत रडतच सांगत होती, "डावीकडनं घे, डावीकडनं."

दोघी झोपल्यावर त्यानं जमीन पुसली. ओलं लुगडं अंधारातच साबण लावून धुतलं आणि मागच्या तारेवर टाकलं. उजाडल्यावर कुणी तिला धुण्याबद्दल विचारू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

सातला आशाताई आली. तिच्या तापमापकावर १०३ च्या वर आकडा आला. तिनं आजीचा श्वास मोजला, डोळे पाहिले, आणि लगेच गावातल्या जीपवाल्याला फोन लावला. तुकाबाबांनी कोमलला ठेवून घेतलं. नऊ किलोमीटरचा रस्ता, आणि प्रत्येक खड्ड्याला आजी पाठ धरायची.

आरोग्य केंद्रात गर्दी होती. बाकावर गावोगावची माणसं बसलेली, डॉक्टरांच्या टेबलापुढं पडदा नाही. डॉक्टर बाई तरुण होत्या, घाईत होत्या. "काय होतंय आजी?"

"ताप हाय."

"आणखी काही?"

आजी भिंतीकडं बघायला लागली. आशाताई केसपेपरच्या खिडकीशी अडकली होती. मागं बाकावरची माणसं ऐकत होती, त्यांत सुदर्शनच्या वर्गातल्या एका पोराचा बापही होता. सुदर्शननं वही उघडली.

"चार दिवस लघवीला आग होती," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "सारखं जावं लागतंय. काल संध्याकाळपासून हुडहुडी. उजवीकडं पाठीत दुखतंय. गोळी ७.१० ला अन् १.१० ला. रात्रभर शुद्धीत होती. बीपीची गोळी चालू आहे, कालची घेतली नाही."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. उठून आजीच्या पाठीवर, बरगड्यांच्या खाली, हलकेच मूठ टेकवली. आजी कळवळली. मग वही मागून घेतली आणि केसपेपरवर वेळा उतरवल्या.

लघवीच्या तपासणीत पू निघाला. मूत्रपिंडापर्यंत जंतू गेले होते. सलाइन लागलं, शिरेतून औषध सुरू झालं, आणि ठेवून घ्यावं लागेल असं सांगितलं. आणखी एक दिवस काढला असता तर या वयात रक्तात पसरायला वेळ लागत नाही, असं बाई आशाताईला म्हणाल्या. सुदर्शनला ते ऐकू गेलं.

बाबा एव्हाना कराडच्या स्टँडवर येऊन थांबले होते. बाईंनीच त्यांच्याशी फोनवर बोलणं केलं. रात्री उशिरा ते आले, बोटांवर उसाच्या पाल्याचे चरे घेऊन. एक दिवस आजीच्या उशाशी बसले, दुसऱ्या दिवशी ताप उतरलेला पाहून परत गेले. खाडा पडला तो पडला. सुदर्शनचा मराठीचा पेपर बुडाला, सरांनी तो नंतर घेऊ म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर गोळ्यांचं पाकीट होतं. बरं वाटलं तरी शेवटची गोळी संपेपर्यंत थांबवायचं नाही, असं बाईंनी दोनदा बजावलं होतं. मोरीच्या पोत्याच्या जागी सुदर्शननं बाबांनी आणलेला पत्रा ठोकला, आतून धरायला एक बांबू रोवला, आणि रात्रीसाठी वायर ओढून दिवा लावला.

साडेआठला फोन वाजला. ट्रॅक्टरची तीच घरघर.

"वाच," आई म्हणाली.

"सकाळी ९८.६. दुपारी ९८.८. आत्ता आशाताई बघून गेली, ताप न्हाई. गोळी दोन्ही येळंला दिली. भाकरी एक, दूध अर्धा पेला."

"अन् पाणी?"

सुदर्शननं वहीत बोट सरकवलं, पण त्याच्या आधी आजीच अंथरुणातून ओरडली, "पाच तांबे झालेत! तुझा पोरगा झोपू दीना मला. अन् मी काय म्हणते, तू तिकडं किती पितीस ते सांग आधी."

पलीकडं आई काहीच बोलली नाही.

"सांग की," आजी म्हणाली. "पोरा, नवीन पान काढ. हिचं बी लिही."