माईक मोकळा आहे, या की! टिळकवाडीत स्टँडअपची ओपन माईक संध्याकाळ

शनिवार, 18 जुलै, संध्याकाळी साडेसहा. जागा आमचा कॅफे, बेळगावात टिळकवाडी, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या गल्लीत. गेट पडलं म्हणून उशीर झाला, हे कारण एका माणसाला एकदाच चालेल.

तुमच्या ग्रुपात एक जण असतोच. लग्नाच्या पंगतीत त्याच्याशेजारी बसायला भांडणं होतात, खडेबाजारात चप्पल घ्यायला गेला तरी किस्सा घेऊन येतो, आणि "तू स्टेजवर जा की रे" म्हटलं की लगेच त्याला घरी काम आठवतं. ही जाहिरात त्याच्यासाठी आहे. त्याला पाठवा. तो तुम्हीच असाल, तर काउंटरवरच्या वहीत गुपचूप नाव लिहा. बायकोला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

एकूण बारा जणांना संधी, प्रत्येकी पाच मिनिटं. त्यातल्या सहा जागा आयुष्यात कधीच माईक न धरलेल्यांसाठी राखीव. गणपतीत "हॅलो, हॅलो, चेक" म्हटलेलं धरत नाही. शाळेतलं 15 ऑगस्टचं भाषणही नाही, कारण ते वडिलांनी लिहिलेलं होतं.

पाच मिनिटं ऐकायला कमी वाटतात. माईकसमोर उभं राहिलं की राकसकोपच्या पाण्याएवढी पसरतात. म्हणून थोडी तयारी करून या. सहाशेएक शब्द, म्हणजे वहीची दोन-तीन पानं, भरपूर झाली. लोक हसतील तोही वेळ त्यातच धरायचा. घरी एकदा घड्याळ लावून मोठ्यानं बोलून बघा, मनातल्या मनात नको. सगळ्यात भारी किस्सा शेवटी ठेवा आणि दुसऱ्या नंबरचा सुरुवातीला. माईक काढून घेतलात तर स्टँड मागं सरकवा, नाहीतर त्याच्याच आड लपून बोलाल. विसरलात तर सरळ कागद काढून वाचा, इथं कुणी मार्क कापत नाही. चार मिनिटं झाली की मागून मोबाईलचा टॉर्च दिसेल. ते कौतुक नव्हे, आवरतं घ्या असा अर्थ.

भाषा? मराठी, कन्नड, कोकणी, हिंदी, इंग्रजी, किंवा आपण रोज घरात बोलतो ती या सगळ्यांची मिसळ. कन्नडमधल्या जोकला मराठी माणूस दोन सेकंद उशिरा हसला तर वाईट वाटून घेऊ नका, तो शेजारच्याला विचारत असतो.

विषय तुमचा. घरमालक, कोचिंग क्लास, पुण्यात नोकरीला जाऊन चार महिन्यांत 'आमच्याकडे ना' म्हणायला लागलेला भाऊ, सगळं चालेल. सासूही चालेल, पण ती पहिल्या रांगेत बसली असेल तर जबाबदारी तुमची. सीमाप्रश्नावरही बोला, फक्त पाच मिनिटांत तो सोडवायला जाऊ नका. महाजन आयोगाचा अहवाल 1967 साली आला, विषय अजून कोर्टात आहे. जात, धर्म आणि समोर बसलेल्याचं दिसणं, यावर मात्र काही नको. आणि व्हॉट्सअपवरचे जोक नकोत. ते आमच्या काकांनी आधीच पाठवलेत, सुप्रभातसकट.

लोक नाही हसले तर? होतं की तसं. भल्याभल्यांचं होतं, मुंबईतल्या नावाजलेल्यांचंही होतं. ज्याच्या वाट्याला सगळ्यात मोठी शांतता येईल त्याला आमच्याकडून पाव किलो कुंदा. मुद्दाम पडणारा आम्ही ओळखतो, त्याला फक्त पाणी. जुलैतला पाऊस पत्र्यावर जोरात वाजायला लागला तर त्याला टाळ्या समजायची मुभा आहे.

प्रेक्षकांनो, तिकीट शंभर रुपये, त्यात एक चहा किंवा कॉफी. बोलणाऱ्यांना प्रवेश फुकट, सोबत एक माणूसही फुकट. आई आणा, ती नक्की हसते. खुर्च्या पस्तीस आहेत, नंतर आलेल्यांना पायरी. मध्येच ओरडून उत्तरं देऊ नका, तेवढंच येत असेल तर वहीत नाव लिहा. कुणाचंही मोबाईलवर शूटिंग करायचं नाही. पहिल्यांदा बोलणाऱ्याचा अडखळलेला व्हिडिओ दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात फिरला, तर तो परत माईक धरणार नाही. आमचा कॅमेरा असेल, रेकॉर्डिंग ज्याचं त्यालाच मिळेल.

खानापूर, निपाणी, चंदगडहून येणाऱ्यांनी वहीत नावापुढं गाव लिहावं. त्यांना पहिल्या तासात बोलवू, म्हणजे परतीची गाडी चुकणार नाही. नावनोंदणी गुरुवारी रात्रीपर्यंत. ऐनवेळी धीर आला तर साडेसहाला दारात सांगा, कुणीतरी घाबरून पळालेलं असतंच, त्याची जागा तुमची. नऊला बंद करणार, कारण शेजारी झोपतात.

गाड्या समोरच्या बंगल्याच्या गेटपुढं लावू नका. तिथल्या काकांचाही पाच मिनिटांचा सेट तयार असतो, आणि तो अजिबात विनोदी नाही.