सूचना: लिफ्ट आणि सामाईक जागेत कुत्र्यांना नेण्याबाबत

प्रति,
सर्व सभासद, भाडेकरू आणि घरकामाला येणारी मंडळी

गेल्या आठवड्यात बी विंगमध्ये तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि आतला लॅब्रॅडॉर शेपटी हलवत बाहेर झेपावला. समोर शाळेतून आलेली दुसरीतली मुलगी उभी होती. चावणं, ओरबाडणं काही झालं नाही. पण मुलगी डबा तिथेच टाकून जिन्याने धावत सुटली आणि अजून एकटी लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ‘कुत्र्यांना सक्त मनाई’ असा हाताने लिहिलेला कागद चिकटला. तो समितीने लावलेला नव्हता, समितीनेच काढला. त्यानंतर ग्रुपवर जे झालं ते सगळ्यांनी वाचलंच आहे.

बंदीची मागणी करणाऱ्यांना आधी सांगतो: ती घालता येणार नाही. सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव झाला तरीही नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. पाळीव कुत्र्याला लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी जादा पैसे घेता येत नाहीत आणि तोंडाला मुसकं बांधाच अशी सक्तीही करता येत नाही. कायद्याचा आधार नसलेला दंडही लावता येत नाही, म्हणून या सूचनेत दंडाचा आकडा नाही.

आता कुत्रे पाळणाऱ्यांसाठी. आपल्या प्राण्यापासून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे. पण गोष्ट तिथवर जायची गरज नाही. ‘आमचा काही करत नाही’ हे वाक्य कृपया लिफ्टच्या दारात म्हणू नका. तुमचा काही करत नसेलही. समोरच्याला ते ठाऊक नाही, आणि ज्याला लहानपणी कुत्रा चावलाय त्याला ते पटणारही नाही. भीतीचं कारण विचारत बसू नये.

तेव्हा येत्या सोमवारपासून असं ठरलं आहे. ए आणि बी विंगमध्ये प्रत्येकी दोन लिफ्ट आहेत. दोन्ही चालू असतील तेव्हा कुत्र्यांना जिन्याजवळच्या लिफ्टने न्यावं. ती बंद असेल तर दुसरी वापरायला कुणाची हरकत नसावी. सी विंगला एकच लिफ्ट, तिथे साधा नियम: जो आत आहे त्याचा हक्क आधी. आत माणूस असेल तर कुत्रेवाल्यांनी ‘येऊ का?’ विचारावं आणि नको म्हटलं तर पुढच्या फेरीला जावं. आत कुत्रा असेल तर त्याला बाहेर काढा म्हणू नये, आपण पुढची फेरी घ्यावी. आजारी कुत्र्याला डॉक्टरकडे नेत असतील तर त्यांना आधी जाऊ द्यावं.

लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरावा, कुत्रा कोपऱ्यात आणि माणूस मध्ये. दार उघडलं की आधी आपण बाहेर डोकावून बघावं, मग कुत्रा. बी विंगमधला प्रकार एवढ्यानेच टळला असता. सोडून दिलेला कुत्रा आवारात कुठेही चालणार नाही, गच्चीवरसुद्धा. फिरवायला मुलगा ठेवला असेल तर कुत्र्याने हिसका दिल्यावर तो त्याला आवरू शकेल एवढी ताकद त्याच्यात हवी. हल्ली एक बारीक मुलगा फिरवतोय की फरफटला जातोय ते कळत नाही.

शी-शू झाली तर लगेच उचलावी, पुसावी. लिफ्टच्या कोपऱ्यातली शू दाराच्या पट्टीत मुरते, वास जात नाही. सफाईला येणाऱ्या मावशींचं ते काम नाही. रेबीजची लस दरवर्षी द्यावी आणि नोंदीची प्रत ऑफिसात आणून द्यावी, म्हणजे उद्या कुणाला ओरखडा निघाला तर पहिला प्रश्न तिथेच मिटेल. तरीही चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. हळद, मिरची, चुना काही लावू नये.

ज्यांना भीती वाटते त्यांनाही विनंती आहे. कुत्रा दिसताच किंचाळू किंवा पळू नका, पळणाऱ्यामागे तो धावतो. जागीच उभं राहून मालकाला ‘जरा थांबवा’ म्हणा. छत्री उगारणं, लाथ मारणं, मुलांनी शेपटी ओढणं हे प्रकार झाले आहेत. ते बंद व्हावेत. प्राण्याला मारणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

आवारातल्या भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांसाठी मागच्या कंपाउंडला, पंपरूमपलीकडे जागा ठरवली आहे. जिन्यात, गेटवर आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ भांडी ठेवू नयेत.

तक्रार असेल तर ऑफिसातल्या वहीत तारीख-वेळ घालून लिहावी. ग्रुपवर टाकलेल्या व्हिडिओची दखल घेतली जाणार नाही. सी विंगच्या लिफ्टची व्यवस्था जमत नसेल तर महिनाअखेरच्या समिती बैठकीत कुत्रे पाळणाऱ्यांनी आणि इतरांनी मिळून यावं, तिथे बदलू.

व्यवस्थापक समितीच्या वतीने,
सचिव