मांडणीचा कागद

आईच्या मशीनच्या वरच्या भिंतीला एक तार होती आणि तारेवर फर्मे. खाकी कागदाचे, मापाप्रमाणे दोऱ्यात ओवलेले: बत्तीस, चौतीस, छत्तीस, अडतीस. वारा आला की खडखडायचे. त्यांच्या मागं खिळ्याला एक वहीचा आलेखाचा कागद अडकवलेला असायचा. चार घड्यांवर झिजलेला, सेलोटेप लावलेला, एका कोपऱ्याला इस्त्रीचा तपकिरी डाग. तो मांडणीचा कागद. कापडावर कुठला फर्मा कुठं ठेवायचा याचं चित्र. कटोरी ब्लाउजचं, छातीवर वाटीसारखे गोल तुकडे जोडतात त्या.

कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या शिवण क्लासात 1996 साली आईनं तो स्वतः काढला. बाई फळ्यावर काढायच्या, आई उतरवायची. चौथीपर्यंत शिकलेली ती. अक्षरं कमी आणि खुणा जास्त. कापड कापताना तिनं तो कागद समोर धरला नाही असं मी कधी पाहिलं नाही. हजारदा कापलेलं असूनही. मला त्याचं हसू यायचं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी तिला म्हटलं होतं, "आई, अजून कॉपी करून पेपर लिहितीस होय गं?"

भाद्रपदाच्या शेवटी पाऊस लागलेला असताना ती मोरीच्या पायरीवरून घसरली. उजवं मनगट. सहा आठवडे प्लास्टर. आणि नवरात्र तोंडावर. पेपरात नऊ रंगांची यादी छापून येते तेव्हापासून शिंप्याच्या घरी झोप नसते; ज्यानं कुणी ही कल्पना काढली त्याला आई दरवर्षी एकदा आशीर्वाद देते आणि एकदा शिव्या. बावीस ब्लाउज पडून होते. साधे चार टक्सवाले मी उरकले. हात बसलेला होता, लहानपणापासून हुक-काज मीच करत आलेले. पण घाटी दरवाजाजवळच्या काकूंचा मोरपंखी कापडाचा कटोरी ब्लाउज राहिला. पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीला जाते, त्यादिवशी त्यांना तो घालायचा होता. कोहळा फोडायच्या गर्दीत तुम्हाला कोण बघणार, असं मी म्हणू शकत होते, पण म्हटलं नाही.

"मी कापतो की," मी म्हटलं. (कोल्हापूरच्या पोरी 'कापतो'च म्हणतात, पुण्याची चुलतबहीण आली की याच्यावरून वाद होतो.)

आई खाटेवर बसून होती, प्लास्टरचा हात उशीवर. "कागद बघ," एवढंच म्हणाली.

"काय बघू? सांग की."

"मला कुठं सांगता येतंय? हाताला ठाऊक हाय. कागद बघ म्हणतो न्हवं."

कागद बघितला. वरच्या बाजूला 'पन्ना 36' लिहिलं होतं, म्हणजे कापडाची रुंदी छत्तीस इंच. एक चौकोन म्हणजे दोन इंच, हे कोपऱ्यातल्या खुणेवरून कळलं. डाव्या कडेला ठळक रेघ आणि तिच्यावर वाकडा बाण: म्हणजे घडी, पाठ इथं लावायची, मधोमध कापायची नाही. पाठीच्या खाली बाह्या, एकीचा गोल वर आणि एकीचा खाली, म्हणजे एकीच्या पोटात दुसरी बसते. शेजारी पुढच्या कळ्या, पट्टी. आणि मधल्या मोकळ्या जागेत दोन कटोऱ्या. तिरक्या. जणू कुणी ताटातली पापडी ढकलून दिली आणि ती जिथं थांबली तिथं राहिली.

आणखी एक गोष्ट. कागदाच्या उजव्या कडेला नंतर एक पट्टी चिकटवलेली होती, डिंकानं. तीवर काहीच नाही. कोरी.

"हे काय?"

"कापडं रुंद याला लागली तवा चिकटवली. आता चव्वेचाळीसचा पन्ना असतोय. मांडणी छत्तीसचीच हाय."

म्हणजे गेली कितीतरी वर्षं दर मीटरला आठ इंच बाजूला सोडायची. मी हिशेबाची पोरगी. डोक्यात आकडे फिरले. "आई, हे वाया जातंय की!"

"वाया कुठं? गळ्याची पट्टी निघतीय, दोरी निघतीय, उरलं ते वाकळंला जातंय." मग थांबून म्हणाली, "गाईचा घास हाय त्यो. जेवाया बसायच्या आधी काढून ठेवावा लागतोय."

मी हसले. पण घडी तिच्यासारखीच घातली. कापड मधोमध न दुमडता अठरा इंचांवर दुमडायचं, उजवीकडं आठ इंच एकेरी राहतं. सवय म्हणा, किंवा कागदात तसं होतं म्हणून म्हणा. छातीचा चौथा भाग नऊ, त्यावर दीड इंच माया. खडूनं पाठ आखली. बाह्या आखल्या. मग कटोरीची पाळी आली.

तिरक्या ठेवल्या की दोन्ही बाजूंना कोपरे उरत होते, चिमण्यांनाही पुरणार नाहीत एवढे तुकडे. मी फर्मा सरळ केला. आहा, काय सुंदर बसला! पट्टीला खेटून. पाच इंच कापड वाचलं. चित्र काढताना आईचा हात हलला असणार, आणि तेव्हापासून ती तेच गिरवत आलेली, असं मला वाटलं. कातर चालवली. त्या आवाजाचं एक सुख असतं, जाड कापडावर कातर करकर जाते तेव्हा.

रात्री अकराला कच्चा टाका घालून कटोरी कळीला जोडली. उजवी. आणि हातात धरून बघितली.

द्रोण. पळसाच्या पानाचा असतो ना, तसा कडक कडा असलेला, तळाला घडी पडलेला द्रोण. इस्त्री मारली. ओल्या फडक्यानं मारली. कडेचा फुगा इकडून दाबला की तिकडं निघे. टाका उसवून पुन्हा घातला, कळी ओढून धरली, सैल सोडली. काही केल्या गोल येईना.

आई जागी होती. झोपेत असल्याचा बहाणा करत होती, पण तिचे पाय हलत नव्हते, त्यावरून मला कळतं.

"आण हिकडं."

तिनं डाव्या हातात कटोरी घेतली. बोटांनी चाचपली. तिला काही बोलायचं नव्हतं. तिनं उशाचा माझा रुमाल उचलला. एक कोपरा दातांत धरला, डाव्या हातानं त्याच कडेचा दुसरा कोपरा ओढला. रुमाल ताठ. जराही हलला नाही. मग समोरचा, कर्णावरचा कोपरा धरला आणि ओढला. रुमाल लांबला, चांगला दीड-दोन बोटं, आणि मध्ये बारीक होत गेला, पाण्यातल्या मासोळीसारखा. सोडला तर परत आला.

"उरेब," दातातला रुमाल काढून ती म्हणाली. "गोलावर बसायचं कापड गोल व्हाया पायजे. सरळ धाग्याचं कधी हुतंय?"

"मग मघाशी का नाही सांगितलंस?"

"कागदात हाय की!"

"कागदात कुठं हाय?"

ती चिडली. पण तिची चीड अशी असते की ती आधी चष्मा मागते. चष्मा दिला. कागद मांडीवर ठेवला. तिनं डाव्या हाताचं बोट ठेवलं. पाठीवर. तिथं बारीक बाण होता, दोन्ही टोकांचा. मी तो नक्षी समजले होते. बोट बाहीवर गेलं: बाण. कळीवर: बाण. पट्टीवर: बाण. सगळे उभे, किनारीला समांतर. मग कटोरीवर. तिथंही बाण होता, आणि तोही उभाच होता.

मी बघत राहिले. कटोरी तिरकी होती, बाण उभा. कटोरीच्या बाजूनं बघितलं तर बाण तिच्या आरपार तिरका गेलेला. कागदावरचा एकही बाण वाकलेला नव्हता. फिरलेत ते फर्मे. मी इतका वेळ फर्मे बघत होते आणि बाण वाचायचे होते.

तारेवरून छत्तीसचा फर्मा काढला. खाकी कटोरीवर पेन्सिलीची पुसट रेघ होतीच, कोपऱ्यातून कोपऱ्यात. मी कापताना ती चुरगळलेल्या कागदाची घडी समजले होते.

"आता काय करू? कापड संपलं."

आईनं हनुवटीनं दाखवलं. पलंगाच्या काठावर आठ इंच रुंदीचं, मीटरभर लांब मोरपंखी कापड तसंच पडलेलं होतं. कटोरी साडेसहा इंचांची. बसत होती. मी कापडावर आधी किनारीला समांतर खडूची रेघ मारली, मग फर्मा फिरवत नेला, त्याच्यावरची रेघ त्या रेघेवर येईपर्यंत.

"एक झाली की फर्मा पालथा टाक," खाटेवरून आवाज आला. "एकेरी कापड हाय. न्हाईतर दोन्ही डाव्याच हुतील आन् काकूला कुठली घालशील?"

हे मात्र कागदात होतं, आता मला दिसलं. दुसऱ्या कटोरीच्या आत बारीक तिरप्या रेघा मारलेल्या होत्या. मी त्या सावली म्हणून सोडून दिल्या होत्या.

पहाटे दोनला नवी कटोरी जोडली. इस्त्री लागली नाही. नुसत्या बोटांनी दाबत गेले, कापड बसत गेलं. आईनं उजेडात धरून बघितलं, आत हात घालून फुगवून बघितलं, आणि उरलेल्या आठ इंची पट्टीचा तुकडा मोजला: गळ्याला पुरेल. बरं, म्हणाली. तिचं बरं म्हणजे खूप झालं.

पंचमीला काकू तो ब्लाउज घालून त्र्यंबोलीला गेल्या. आल्यावर पाठीचा गळा जरा खोल झालाय म्हणाल्या. गळा आईनंच घेतलेल्या मापाचा होता, म्हणून मी गप्प.

दिवाळीनंतर प्लास्टर निघालं. मनगट अजून फिरत नव्हतं, म्हणून कापायचं काम माझ्याकडंच राहिलं. जुना कागद आता घडीवर फाटायलाच लागला होता, तेव्हा एका दुपारी नवा आलेखाचा कागद घेऊन बसले. पन्ना 44. एक चौकोन दोन इंच. आधी सगळे बाण काढले, नुसते बाण, मग त्यांच्याभोवती पाठ, बाह्या, कळ्या, पट्टी. कटोऱ्या तिरक्या. बावीस इंचांवर मधोमध घडी. सगळं एकमेकांत असं गुंतवलं की कापडात बोट ठेवायला जागा उरली नाही. वीस सेंटिमीटर कापड वाचत होतं. आईला दाखवला.

तिनं चष्मा लावला. बोट घडीपासून सुरू केलं. पाठ, बाही, पालथी बाही, कळी, कटोरी, पालथी कटोरी. प्रत्येक बाणावर क्षणभर थांबून. उजव्या किनारीपर्यंत बोट गेलं आणि तिथं काही शोधल्यासारखं खाली-वर फिरलं.

"आन् गाईचा घास?"

मी खोडरबर शोधायला उठले.