ट्रान्सक्रिप्ट व पदवी पडताळणीसाठी अर्ज आणि त्यामागची दोन स्मरणपत्रे

दि. ९ जून २०२५

प्रति,
मा. संचालक,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ

विषय : परदेशी नोकरीसाठी ट्रान्सक्रिप्ट व पदवी पडताळणी पत्र मिळणेबाबत

महोदय,

मी आपल्या विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी. २०१४ ते २०१८ या काळात संलग्न महाविद्यालयातून बी. ई. (स्थापत्य) केले. अबूधाबीतील एका बांधकाम कंपनीत माझी निवड झाली आहे. माझ्या हातून आलेली कागदपत्रे ते ग्राह्य धरत नाहीत, त्यामुळे पुढील दोन गोष्टींसाठी विनंती करते.

आठही सत्रांच्या ट्रान्सक्रिप्टच्या दोन प्रती सीलबंद लिफाफ्यात मिळाव्यात. लिफाफ्याच्या जोडावर सही-शिक्का असावा. पाचव्या सत्रातील एक विषय मी मे २०१७ मध्ये दुसऱ्या प्रयत्नात सोडवला. दोन्ही प्रयत्न जसे आहेत तसेच दाखवावेत. दोन्ही गुणपत्रके जोडली आहेत.

पडताळणी पत्र विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवरून थेट कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला जावे. त्यात शिक्षण नियमित, पूर्णवेळ आणि महाविद्यालयात हजर राहून घेतले, हे स्पष्ट लिहावे. तिथे याबाबत हमखास विचारणा होते.

पदवीवर माझे नाव रसिका दिलीप ठोंबरे असे आहे, पासपोर्टवर रसिका अमेय दातार. दोन्ही कागदांवर पदवीवरचेच नाव असावे. विवाह नोंदणी प्रमाणपत्र कंपनीला मी दिले आहे.

कंपनीची मुदत ३१ जुलै आहे. शुल्काची पावती, पदवी प्रमाणपत्र, सर्व गुणपत्रके आणि कंपनीचे मागणीपत्र सोबत जोडले आहे. पीआरएन व बैठक क्रमांक गुणपत्रकांवर आहेत.

आपली विश्वासू,
रसिका दातार (पूर्वाश्रमीची ठोंबरे)

*

दि. ३० जून २०२५
विषय : ९ जूनच्या अर्जाबाबत स्मरणपत्र

महोदय,

माझ्या अर्जाला तीन आठवडे झाले. अर्ज सध्या कोणत्या टेबलावर आहे आणि एखादा कागद कमी आहे का, एवढे कळवावे. कमी असल्यास त्याच दिवशी पाठवते. माझे वडील गावातच असतात. प्रत्यक्ष यायचे असल्यास माझे अधिकारपत्र व ओळखपत्र घेऊन ते येतील. जुने गुण रजिस्टरमधून काढायला वेळ लागतो याची कल्पना आहे. अंदाजे तारीख समजली, तर कंपनीला तसे कळवता येईल.

आपली विश्वासू,
रसिका दातार

*

दि. १४ जुलै २०२५
विषय : पडताळणी पत्रात दुरुस्ती (तातडीचे)

महोदय,

ट्रान्सक्रिप्ट मिळाल्या, नोंदी बरोबर आहेत. मनापासून आभार.

पडताळणीचा ईमेलही कंपनीला पोचला, मात्र त्यात 'नियमित, पूर्णवेळ' हा उल्लेख राहिला आणि कंपनीने पत्र परत केले. नवीन शुल्क भरायचे असल्यास आजच भरते. कृपया त्याच जावक क्रमांकाचा संदर्भ देऊन पुढील वाक्याचे सुधारित पत्र पाठवावे :

"सदर विद्यार्थिनीने २०१४ ते २०१८ या कालावधीत संलग्न महाविद्यालयात नियमित व पूर्णवेळ शिक्षण घेऊन ही पदवी प्राप्त केली असून पदवी प्रमाणपत्र विद्यापीठाच्या अभिलेखानुसार खरे आहे."

पत्र इंग्रजीत जाणार असल्याने याच वाक्याचा इंग्रजी मसुदा जोडला आहे. मुदतीला सतरा दिवस उरले आहेत. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास कार्यालयात फोन करीन.

आपली विश्वासू,
रसिका दातार