मधुमेही रुग्णाच्या डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीसाठी संदर्भचिठ्ठी

प्रति: नेत्रविभाग, रेटिना ओपीडी, जिल्ह्याचे संदर्भ रुग्णालय
पाठवणार: डॉ. अनुराधा पाटील, एम.डी. मेडिसिन, तासगाव, जि. सांगली
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

प्राधान्य: तातडीचे. शक्यतो उद्या-परवा, जास्तीत जास्त तीन दिवसांत पाहावे. वार्षिक तपासणीच्या यादीत किंवा पुढच्या शिबिरात नाव घालू नये.

रुग्ण

नाव: दत्तात्रय विठ्ठल माने
वय / लिंग: ५७ वर्षे, पुरुष
राहणार: तासगाव तालुका
व्यवसाय: पतसंस्थेचे पिग्मी एजंट. दिवसभर दुकानोदुकानी फिरून पावत्या लिहितात, मोटरसायकल चालवतात.
सोबत येणार: मुलगा. त्यांचा मोबाईल नंबर चिठ्ठीच्या पाठीवर लिहिला आहे.
भाषा: मराठी. लिहिता-वाचता येते, मात्र सध्या बारीक अक्षर वाचता येत नाही. सूचना तोंडी सांगाव्यात आणि मुलालाही सांगाव्यात.

मधुमेह कधीपासून

टाइप २. निदान २०११ मध्ये, म्हणजे १४ वर्षे. हर्नियाच्या ऑपरेशनआधी केलेल्या तपासणीत उपाशीपोटी साखर २१२ आली तेव्हा कळले. त्याआधी वर्ष-दीड वर्ष रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागत होते असे पत्नी सांगतात. त्यामुळे प्रत्यक्षात आजार कागदावरच्या १४ वर्षांपेक्षा जुना धरावा.

बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी आजवर एकदाही झालेली नाही. "डोळे तपासले आहेत का?" या प्रश्नाला ते "हो, दरवर्षी" असेच उत्तर देतात, कारण चष्म्याचा नंबर ते नियमित काढून घेतात. आपल्याकडेही हेच सांगतील. लेसर, डोळ्यात इंजेक्शन, मोतीबिंदू ऑपरेशन यांपैकी काहीही झालेले नाही.

साखर कशी राहिली

२०२० ते २०२३ या काळात तपासणी जवळजवळ बंद होती. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या घेत राहिले. त्यानंतरचे एचबीए१सी असे:

मार्च २०२४: ९.४ टक्के
डिसेंबर २०२४: १०.१ टक्के
जून २०२५: १०.८ टक्के
३० ऑक्टोबर २०२५: ७.६ टक्के

जूनअखेरीस इन्सुलिन सुरू केले. चार महिन्यांत एचबीए१सी ३.२ ने उतरले. आकडा बघून कोणालाही बरे वाटेल, पण या रुग्णाच्या बाबतीत मला तोच आकडा काळजीचा वाटतो. वर्षानुवर्षे चढी राहिलेली साखर भरकन उतरली की पडद्याचा आधीचा आजार सुरुवातीला वाढू शकतो, आणि इथे इन्सुलिन सुरू करताना पडद्याची स्थिती काय होती याची नोंदच नाही. त्यांच्या तक्रारी नेमक्या याच महिन्यांतल्या आहेत.

आज उपाशीपोटी १२८, जेवणानंतर दोन तासांनी १७६. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहाटे घाम येऊन थरथर सुटली होती, घरच्या ग्लुकोमीटरवर ६२ दिसले. साखर-पाणी घेतल्यावर बरे वाटले. त्यानंतर संध्याकाळचा डोस कमी केला, पुन्हा तसे झालेले नाही.

दिसण्याच्या तक्रारी

तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या वेगवेगळ्या वेळी सुरू झाल्या आहेत. विचारल्यावर रुग्ण तिन्ही मिळून "नंबर वाढलाय" एवढेच सांगतात, म्हणून इथे सुट्या करून लिहिते.

पहिली, दोन्ही डोळ्यांना अंधुक दिसणे. जुलैपासून, इन्सुलिन सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत. ऑगस्टमध्ये चष्मा बदलला, महिन्याभरात तोही जमेना. हा भाग साखर उतरताना भिंगात होणाऱ्या बदलामुळे असावा आणि आता बराच स्थिरावला आहे.

दुसरी, डाव्या डोळ्याने मधोमध मळकट आणि वाकडे दिसणे. साधारण सहा आठवड्यांपासून. त्यांच्याच शब्दांत: "पावती पुस्तकातली रेघ मधेच खचल्यासारखी दिसते. आकडा लिहायला गेलो की शेवटचं शून्य गायब." गेल्या महिन्यात दोन खातेदारांच्या पावत्यांवर रक्कम चुकली, तेव्हापासून पावती मुलाकडून लिहून घेतात. मी चौकटीच्या वहीचा कागद दाखवून एकेक डोळा झाकून पाहिले. उजव्या डोळ्याला चौकटी सरळ दिसल्या. डाव्या डोळ्याला मधल्या चार-पाच चौकटी पुसट आणि त्यांच्या रेघा आत ओढल्यासारख्या दिसल्या. त्यांनी त्यावर पेन्सिलीने वर्तुळ काढले आहे, तो कागद सोबत जोडला आहे.

तिसरी, आणि तातडी यासाठीच, डाव्या डोळ्यापुढे काळे धागे आणि ठिपके. नऊ दिवसांपासून. सकाळी उठल्यावर एकदम दिसू लागले. "डोळा फिरवला की मागनं तरंगत येतात, थांबलो की खाली बसतात." गेल्या दोन दिवसांत वाढले आहेत. आत रक्तस्राव झाला असण्याची मला शंका आहे.

नसलेल्या गोष्टी, मुद्दाम विचारून: वीज चमकल्यासारखा प्रकाश नाही, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे नाही, डोळा दुखत नाही, लाल नाही, दिव्याभोवती रंगीत कडी नाहीत, एकाचे दोन दिसत नाही. डोळ्याला मार लागलेला नाही.

दवाखान्यात पाहिलेले

दृष्टी, आताचा चष्मा लावून: उजवा ६/१२, डावा ६/३६.
पिनहोलमधून: उजवा ६/९, डावा ६/३६ च.

डाव्या डोळ्याची नजर पिनहोलने एक ओळही सुधारत नाही. हा नंबरचा प्रश्न नाही हे मी रुग्णाला आणि मुलाला तक्त्यासमोर उभे करूनच दाखवले.

दोन्ही बाहुल्या प्रकाशाला सारख्या प्रतिसाद देतात. टॉर्चच्या उजेडात पुढचा कप्पा पुरेसा खोल वाटतो. थेंब न घालता ऑफ्थॅल्मोस्कोपने पाहिले: उजवीकडे भिंग किंचित धुरकट, पडद्यावर तीन-चार लाल ठिपके दिसले. डावीकडे लाल प्रतिबिंब मंद, पडदा स्पष्ट दिसला नाही. डोळ्याचा दाब मोजण्याची सोय आमच्याकडे नाही.

बाकी शरीर

रक्तदाब आज १५२/९०, दोनदा मोजून. सहा वर्षांपासून उपचार चालू.
मूत्रपिंड: क्रिएटिनिन १.४, ईजीएफआर सुमारे ५९, लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर २४० मिग्रॅ प्रति ग्रॅम. मूत्रपिंडाला इतकी झळ लागलेली असताना पडदा सुटला असेल असे वाटत नाही.
हिमोग्लोबिन ११.२. एलडीएल ११८, ट्रायग्लिसराइड २१०.
पाय: दोन्ही तळव्यांना बधिरता, जखम नाही. घोट्यांवर हलकी सूज.
हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात कधीही नाही. डोळ्यात इंजेक्शन द्यायचे ठरले तर उपयोगी पडेल म्हणून स्पष्ट लिहिते.
तंबाखू: मळून खातात, कमी केली आहे, सुटलेली नाही.

औषधे

इन्सुलिन प्रीमिक्स ३०/७०: सकाळी १६, संध्याकाळी १० युनिट.
मेटफॉर्मिन १००० मिग्रॅ दोनदा, टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅटोर्वास्टॅटिन २०.
अ‍ॅम्लोडिपिन ५ आजपासून वाढवले.
पायोग्लिटाझोन १५ मिग्रॅ २०२२ पासून चालू होते. आजपासून बंद केले, कारण पायावर सूज आहे आणि मॅक्युलाला सूज असण्याची शंका आहे.
रक्त पातळ करणारे औषध चालू नाही.

अ‍ॅलर्जी: सल्फा. २०१७ मध्ये कोट्रायमॉक्साझोलने अंगभर पुरळ उठले होते. अ‍ॅसिटाझोलामाइड देण्याची वेळ आल्यास कृपया हे लक्षात घ्यावे. फेनिलेफ्रिनचे थेंब घालण्यापूर्वी रक्तदाब एकदा मोजावा.

आपल्याकडून काय हवे

दोन्ही डोळ्यांची बाहुली मोठी करून पडद्याची पूर्ण तपासणी, मॅक्युलाचा ओसीटी, डोळ्याचा दाब. रक्तामुळे डावा पडदा दिसत नसेल तर सोनोग्राफी. उजव्या डोळ्याची तक्रार कमी आहे म्हणून तो राहून जाऊ नये. कामाला सध्या तोच डोळा आहे.

रुग्णाला एक गोष्ट आपल्या तोंडून ऐकायला मिळाली तर मोठी मदत होईल. त्यांच्या थोरल्या भावाला इन्सुलिन सुरू केल्यावर वर्षभरात दिसेनासे झाले आणि "सुईनं डोळे गेले" असे घरात पक्के बसले आहे. भावाचाही पडदा आधी कधी तपासलेला नव्हता. आता यांनाही तेच होतंय अशी घरच्यांची समजूत झाली असून मागच्या आठवड्यात तीन दिवस इन्सुलिन टाळले होते. मी समजावले आहे की आजार अनेक वर्षांच्या चढ्या साखरेचा आहे, इन्सुलिन सोडले तर डोळे, मूत्रपिंड आणि पाय तिन्ही जातील. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हेच सांगितले तर त्यांना पटेल. साखर आणखी कमी करण्याचा वेग मी सध्या आवरता घेतला आहे. आपल्या तपासणीनंतर लक्ष्य ठरवू.

लेसर किंवा इंजेक्शन लागल्यास खर्चाची अडचण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत आणायला सांगितले आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते हे आपल्याकडील आरोग्यमित्रांकडून आधी पाहून द्यावे. पैशाच्या विचाराने ते न सांगता परत फिरण्याची शक्यता आहे.

रुग्णाला दिलेल्या सूचना

उपाशी जाऊ नका. नेहमीप्रमाणे नाश्ता आणि सकाळचे इन्सुलिन घ्या. ओपीडीत उशीर होतो, म्हणून जेवणाचा डबा आणि खिशात साखर ठेवा. थेंबांमुळे चार-सहा तास धूसर दिसेल, मोटरसायकल नेऊ नका, एसटीने मुलासोबत जा, काळा चष्मा न्या. तपासणी होईपर्यंत जड उचलू नका आणि झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्या. एका बाजूने काळोख आला, वीज चमकू लागली किंवा एकदम दिसेनासे झाले तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जा.

सोबत: ३० ऑक्टोबरचे रक्त-लघवीचे अहवाल, ऑगस्टच्या चष्म्याचा नंबर, चौकटीचा कागद.

उत्तर: दोन्ही डोळ्यांच्या रेटिनोपॅथीची अवस्था, मॅक्युलाला सूज आहे की नाही आणि पुढची तारीख एवढे याच चिठ्ठीच्या मागे लिहून रुग्णाच्या हाती द्यावे. २१ तारखेपर्यंत ते आपल्याकडे पोहोचले नाहीत तर कृपया दवाखान्यात कळवावे, मी मुलाला फोन करेन.

रुग्णाने चिठ्ठीतील मजकूर ऐकून घेतला असून माहिती पाठवण्यास संमती दिली आहे.

डॉ. अनुराधा पाटील
(सही व शिक्का)