हात कणकेत असले तरी फोन कोणाचा ते कळेल

‘हाताशी’ स्मार्टवॉच. घर, दुकान आणि प्रवासात रोज कामाला येणारं. किंमत २,१९९ रुपये.

कणीक मळायला घेतली की फोन वाजतोच. हात धुवा, पुसा, फोन शोधा, आणि निघतं काय, तर कर्ज हवंय का विचारणारी बाई. ‘हाताशी’ मनगटावर असेल तर नाव तिथेच दिसतं. बाजूचं बटण एकदा दाबलं की फोन उचलला जातो, दोनदा दाबलं की कटतो. हात ओले किंवा पिठाचे असले की काचेवरचा स्पर्श नीट लागत नाही, म्हणून हे काम आम्ही बटणावर ठेवलं.

तुम्ही ‘ज्योत्स्नाताई’ असं देवनागरीत नाव साठवलं असेल तर तसंच दिसेल, जोडाक्षरांसकट. स्वस्तातल्या घड्याळांत अशा नावांच्या जागी बरेचदा चौकोन उमटतात. अक्षरांचा आकार तीन पायऱ्यांत वाढवता येतो. सगळ्यात मोठ्या आकारात एका ओळीत दोनच शब्द मावतात, पण चष्मा शोधावा लागत नाही.

घड्याळातून बोलताना ते तोंडापासून वीतभर लांब धरा. घरात, दुकानात आवाज स्वच्छ येतो. एसटी स्टँडवर किंवा लोकलमध्ये येणार नाही, एवढ्याशा स्पीकरकडून ती अपेक्षाच चुकीची आहे. तिथे फोन कानाला लावा. काही महिन्यांनी समोरचा ‘आवाज बारीक येतोय’ म्हणू लागला तर माइकच्या छिद्रात पीठ किंवा धूळ बसलेली असते. कोरड्या मऊ टूथब्रशने झाडा. टाचणी घालू नका, आतला पातळ पडदा फाटतो.

पाणी पहाटे साडेचारला येतं, पण घर जागं व्हायला नको

गजर मनगटावर थरथरतो, आवाज करत नाही. मोटर लावायला उठणारा एकटाच उठतो. असे आठ गजर ठेवता येतात आणि प्रत्येकाला मराठीत नाव देता येतं: ‘बीपीची गोळी’, ‘गॅस बंद’, ‘रिक्षावाले काका’. गोळीचा गजर बंद केला नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा थरथरतो, असं तीन वेळा. मात्र पट्टा सैल असेल तर झोपेत थरथर जाणवत नाही. झोपताना एक घर घट्ट करा.

फोन घरातच आहे, पण कुठे?

घड्याळावर फोनचं चित्र दाबा, फोन वाजू लागेल. सायलेंटवर असला तरी वाजतो, फक्त फोनचा मीडियाचा आवाज शून्यावर नको. घड्याळ आणि फोन मोकळ्या जागेत साधारण १० मीटरपर्यंत जोडलेले राहतात. मध्ये दोन भिंती आल्या की अंतर निम्म्यावर येतं. त्यामुळे फोन रिक्षात राहिला तर हे घड्याळ तो शोधून देणार नाही. पण जोड तुटताक्षणी ते एकदा थरथरतं, आणि रिक्षा वळणावर असेपर्यंत ओरडायला तेवढं पुरतं.

पावसात फोन पिशवीत राहू द्या

मेसेज, ओटीपी, व्हॉट्सॲपचा मजकूर मनगटावर वाचता येतो. फोटो आणि व्हॉइस मेसेज दिसत-ऐकू येत नाहीत. ॲंड्रॉइड फोन असेल तर ‘येतो’, ‘नंतर बोलतो’ अशी तयार उत्तरं पाठवता येतात, आयफोनवर नाही. गाडी चालवताना मनगटाकडे बघू नका, कडेला थांबा. गर्दीत बँकेचे मेसेज शेजारच्याने वाचू नयेत असं वाटत असेल तर ॲपमध्ये त्यांच्यापुरती सूचना बंद करा.

पाऊस, भांडी, हात धुणं चालेल. गरम पाण्याच्या अंघोळीत मात्र काढून ठेवा. पाणी आत जाऊ न देणारा रबर वाफेने आणि साबणाने हळूहळू सैल पडतो आणि मग साध्या पावसातही काचेच्या आत धुकं धरतं. समुद्रातही नको.

पावलं मोजतं, साखर मोजत नाही

पावलांचा हिशेब हाताच्या हलण्यावरून होतो. म्हणून ट्रॉली ढकलत चाललात तर पावलं कमी दिसतील, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीवर बसून थोडी फुकटची मिळतील. आकडा रोजच्या रोज ताडून बघायला ठीक आहे, पैज लावायला नाही. नाडीचे ठोके मोजायला घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, न हलेल इतकं घट्ट हवं. खालचा हिरवा प्रकाश बाहेर निसटत असेल तर आकडा चुकणार.

रक्तातली साखर सुई न टोचता मोजण्याचा दावा आम्ही करत नाही. असा दावा करणाऱ्या घड्याळांपासून सावध राहा, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. या घड्याळाच्या आकड्यावरून गोळीचं किंवा इन्सुलिनचं प्रमाण बदलू नका.

जोडताना एवढा क्रम पाळा

आधी फोनवर ‘हाताशी’ ॲप घ्या. ॲपमधून घड्याळावरचा क्यूआर स्कॅन करा आणि फोन विचारेल त्या परवानग्या द्या: कॉल, संपर्क, सूचना. शेवटी बोलण्यासाठी वेगळी जोडणी विचारली जाते, तिलाही ‘हो’ म्हणा. तिथे ‘नाही’ दाबलं तर नाव दिसेल पण आवाज येणार नाही, आणि दुकानात परत येणाऱ्या तक्रारी बहुतेक याच असतात. थेट फोनच्या ब्लूटूथमध्ये जाऊन घड्याळ जोडू नका. जोडलं असेल तर तिथून काढून टाका आणि ॲपपासून पुन्हा सुरुवात करा.

पहिला दिवस सूचना आल्या आणि मग बंद पडल्या, तर फोनने बॅटरी वाचवायला ॲप झोपवलेलं असतं. ॲंड्रॉइडवर ॲपच्या माहितीत जाऊन Battery मध्ये Unrestricted निवडा. आयफोनवर ब्लूटूथच्या यादीत घड्याळापुढच्या खुणेवर जाऊन Share System Notifications चालू करा. बटणांच्या साध्या फोनला हे घड्याळ जोडता येत नाही. यात सिमही नाही. फोन घरी राहिला तर वेळ, गजर आणि पावलं एवढंच चालेल.

चार्जिंग

दिवसाला दोन-चार छोटे कॉल असतील तर पाच दिवस. घड्याळावरूनच तासभर बोललात तर दोन. रोज अंघोळीच्या वेळी लावून ठेवलं तर हिशेब करावाच लागत नाही. चार्जरची टोकं चुंबकाने चिकटतात. ढकलली गेली तर उलटी लावली आहेत, फिरवा. फास्ट चार्जर वापरू नका, ५ व्होल्ट १ अँपिअरचा जुना अडॅप्टर उत्तम. चार्जिंग होत नसेल तर आधी मागच्या पिना कोरड्या कापडाने पुसा. घाम तिथे वाळून थर धरतो.

पट्टा २२ मिलिमीटरचा आहे, बहुतेक मोबाइलच्या दुकानांत मिळतो आणि पिन सरकवून हाताने बदलता येतो. उन्हाळ्यात रोज धुऊन पूर्ण वाळवून घाला, नाहीतर खाली पुरळ येतं.

खोक्यात घड्याळ, चार्जिंगची वायर आणि मराठी माहितीपत्रक. अडॅप्टर नाही. वॉरंटी एक वर्षाची, फुटलेली काच त्यात धरत नाही. पैसे देण्याआधी दुकानातच तुमचा फोन जोडून घ्या, घरून एक कॉल करायला सांगा आणि नाव मराठीत दिसतंय का ते पाहा.