पाठ तिसरा : म्हातारी निघाली लेकीकडे

हा पाठ अंगणवाडीतील चार ते पाच वर्षे वयाच्या वीस मुलांसाठी असून, जुलै महिन्यात पावसामुळे अंगण वापरता येत नसताना तो खोलीतच घ्यायचा आहे. त्याला सुमारे पस्तीस मिनिटे लागतात. खाऊनंतर किमान एक तास गेलेला असावा. फरशी कोरडी करून घ्यावी, मुलांना अनवाणी ठेवावे आणि सतरंज्या गुंडाळून भिंतीशी लावाव्यात. त्यांचे काम शेवटी आहे. साहित्य म्हणून एक डफ पुरेसा आहे. डफ वाजेल तोवर हालचाल करायची आणि तो थांबताच जिथल्या तिथे थांबायचे, एवढा एकच नियम मुलांना आधी सांगावा.

आपले हात, पाय आणि पाठ या क्षणी कुठे आहेत, हे मुलाला डोळ्यांनी न पाहता कळू लागावे, हा या पाठाचा हेतू आहे. स्नेहसंमेलनासाठी नाच बसवणे हा नाही. म्हणून मुलांच्या रांगा लावू नयेत आणि ताईंनी स्वतः वाघ करून दाखवू नये. तसे केल्यास वर्गात ताईंच्याच वाघाच्या वीस नकला होतात. प्राणी मुलांनी शोधावा, ताईंनी फक्त प्रश्न विचारावेत.

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट बहुतेक मुलांनी आजीकडून ऐकलेली असते, त्यामुळे ती सांगण्यात वेळ घालवू नये. “आपली म्हातारी वाळून काटकी झाली आहे. तिची पाठ कशी दिसते? गुडघे सरळ आहेत का?” असे विचारत मुलांना खोलीभर चालू द्यावे. वाटेत कोल्हा भेटतो. तो आवाज न करता येतो, म्हणजे टाच न टेकवता चवड्यांवर चालतो. दोन-तीन मिनिटांत कोल्ह्याला निरोप द्यावा, कारण लहान मुलांच्या पोटऱ्या लवकर दुखतात.

वाघाला मात्र भरपूर वेळ द्यावा. दोन्ही तळहात आणि दोन्ही चवडे जमिनीवर, गुडघे अधांतरी, अशा चालीत शरीराचा बराच भार मनगटांवर आणि खांद्यांवर येतो. या दाबामुळे मुलाला आपल्या सांध्यांची जी जाणीव होते, ती नुसते हात हलवून होत नाही. बरीच मुले सुरुवातीला एकाच बाजूचा हात आणि पाय एकत्र उचलतात. त्यांना दुरुस्त करू नये. “वाघोबा, अगदी हळू चला, म्हातारीला चाहूल लागेल,” एवढे म्हणावे. चाल मंदावली की उजव्या हाताबरोबर डावा पाय पुष्कळदा आपोआप पुढे येतो. मध्येच डफ थांबवून, “डोळे मिटा. कोणता हात पुढे आहे? तो हलवून दाखवा,” असे सांगावे. या वयात उजवे-डावे चुकणारच. मुलाने योग्य हात हलवला म्हणजे झाले. ज्या मुलाला हातांवर भार घेता येत नाही, त्याने बसून पंजे पुढे टाकावेत. बसलेला वाघही गुरगुरतोच.

मूळ गोष्टीत नसलेला एक बगळा येथे मुद्दाम घातला आहे. ओढ्याकाठी तो एका पायावर उभा राहतो. चार वर्षांचे मूल साधारण चार-पाच सेकंद तोल सांभाळते, त्यामुळे ताईंनी मोठ्याने आकडे मोजून शर्यत लावू नये.

लेकीकडे तूपरोटी खाऊन म्हातारी जाडजूड होते, तेव्हा त्याच वाटेने, त्याच चालीने, पण जड अंगाने चालायला सांगावे. आता पाय कसा पडतो, पोट कुठवर येते, वळताना किती जागा लागते, हे मुलांना सुचू द्यावे. आधीच्या काटकुळ्या चालीशी ताडून पाहता यावे म्हणून, डफाच्या एका ठोक्यावर बारीक आणि दोन ठोक्यांवर जाड, असा बदल काही वेळा करावा. या पाठात मुले सर्वांत जास्त हसतात ती येथेच. त्यांना हसू द्यावे.

यानंतर सतरंज्या अंथरून भोपळा गडगडवावा. एका वेळी चारच मुलांनी, हात डोक्याच्या वर ताणून, आडवे पडून कुशीवरून कुशीवर लोळायचे आहे. कोलांटउडी घेऊ देऊ नये, तिच्यात मानेवर भार येतो. कोणाला गरगरल्यासारखे वाटल्यास त्याला भिंतीला पाठ टेकवून बसवावे. बाकीच्या मुलांनी वाटेवरची झाडे होऊन उभे राहावे.

शेवटची पाच मिनिटे सर्वांनी उताणे पडावे. “टाच जमिनीला टेकली आहे का? कंबर? कोपर?” असे हलक्या आवाजात विचारत जावे आणि टेकलेला अवयव मुलांनी किंचित दाबून दाखवावा. कोणत्या मुलाला डोळे मिटून हात ओळखता आला नाही आणि कोण वाघाच्या चालीत लगेच गुडघे टेकवत होते, याची नोंद त्याच दिवशी वहीत करावी. चौथ्या पाठातील बेडूक आणि खेकडा यांच्या वेळी त्या मुलांना ताईंच्या जवळची जागा द्यायची आहे.